तेल अवीवचा पाऊस आणि चार आकडे

भूमध्य समुद्राच्या पूर्व काठावरच्या तेल अवीव शहरात पाऊस पडतो तो हिवाळ्यात. उन्हाळा जवळजवळ कोरडाच जातो आणि पावसाचा खरा भर असतो तो डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी या तीन महिन्यांत. १९६२ साली गॅब्रिएल आणि न्यूमन या दोन अभ्यासकांनी या शहराच्या रोजच्या पावसाच्या नोंदी घेतल्या. १९२३-२४ पासून १९४९-५० पर्यंतचे सत्तावीस हिवाळे, म्हणजे एकूण २,४३७ दिवस. किती पाऊस पडला हे त्यांनी बाजूला ठेवलं. पर्जन्यमापकात निदान ०.१ मिलिमीटर पाणी जमलं तर तो दिवस ‘ओला’, नाही तर ‘कोरडा’, एवढंच त्यांनी पाहिलं. मग प्रत्येक दिवसाच्या शेजारी आदल्या दिवसाची नोंद ठेवून त्यांनी मोजणी केली.

आदला दिवस कोरडा होता असे १,३९९ दिवस निघाले. त्यांतले १,०४९ स्वतःही कोरडेच गेले आणि ३५० दिवशी पाऊस आला. आदला दिवस ओला होता असे दिवस १,०३८. त्यांतल्या ६८७ दिवशी पाऊस चालू राहिला आणि ३५१ दिवशी उघडीप मिळाली. सत्तावीस वर्षांच्या वहीतून एवढे चारच आकडे बाहेर काढले, आणि त्यांतून त्या शहराच्या हिवाळ्याबद्दल बरंच काही सांगता येतं. संभाव्यताशास्त्रात ‘मार्कोव्ह साखळी’ म्हणून जी कल्पना आहे, ती समजून घ्यायला याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

आधी या मोजणीचं शक्यतांमध्ये रूपांतर करू. ३५० ला १,३९९ ने भागलं की ०.२५० येतं. आज कोरडा असेल तर उद्या पाऊस येण्याची शक्यता चारात एक. ३५१ ला १,०३८ ने भागलं की ०.३३८ येतं. आज पाऊस असेल तर उद्या उघडण्याची शक्यता साधारण तिनात एक. उरलेले दोन आकडे आपोआप मिळतात, कारण उद्याचा दिवस कोरडा किंवा ओला यांपैकी काहीतरी एक असणारच.

आज कोरडा: उद्या कोरडा ०.७५०, उद्या ओला ०.२५०
आज ओला: उद्या कोरडा ०.३३८, उद्या ओला ०.६६२

ही दोन ओळींची मांडणी म्हणजेच ‘संक्रमण मॅट्रिक्स’. कोरडा आणि ओला या दोन ‘अवस्था’. आपण रोज एका अवस्थेतून दुसरीत जातो किंवा आहे तिथेच राहतो, आणि कुठे जाणार याची शक्यता फक्त आज कुठे आहोत यावर ठरते. काल, परवा, गेल्या आठवड्यात काय झालं याला इथे मत नाही. हे मोठंच गृहीतक आहे. ते तेल अवीवला कितपत लागू पडतं, हे पुढे पाहू.

ओळ वाचताना एक गोष्ट मनात पक्की धरावी: प्रत्येक ओळीची बेरीज १ येते. स्तंभाची बेरीज १ यायचं काही कारण नाही. हे आत्ता किरकोळ वाटेल, पण विद्यार्थ्यांचं उत्तर बहुतेक वेळा याच ठिकाणी चुकतं.

आता प्रश्न असा. आज कोरडा दिवस आहे. उद्या पाऊस येण्याची शक्यता ०.२५०, हे तर समोरच दिसतं. परवाचं काय? परवा पाऊस दोन वाटांनी येऊ शकतो. उद्या कोरडा जाईल आणि परवा पाऊस येईल, किंवा उद्याच पाऊस येईल आणि परवाही टिकेल. पहिल्या वाटेची शक्यता ०.७५० गुणिले ०.२५०, म्हणजे ०.१८८. दुसरीची ०.२५० गुणिले ०.६६२, म्हणजे ०.१६६. दोन्ही मिळून साधारण ०.३५३. मॅट्रिक्सला मॅट्रिक्सने गुणतात तेव्हा दुसरं काही घडत नसतं. मधल्या सगळ्या वाटा मोजून त्यांची बेरीज होते, इतकंच.

असंच पुढे जात राहिलं तर कोरड्या दिवसापासून निघाल्यावर पावसाची शक्यता अशी वाढत जाते: ०.२५०, ०.३५३, ०.३९५, ०.४१३, ०.४२०. पाचव्या दिवसानंतर ती जवळजवळ हलेनाशी होते. आता सुरुवात ओल्या दिवसापासून करू. तिथे शक्यता उलट उतरत येते: ०.६६२, ०.५२३, ०.४६५, ०.४४२, ०.४३२. म्हणजे एक रांग खालून चढते, दुसरी वरून उतरते, आणि दोन्ही ०.४२५ पाशी येऊन मिळतात. आठवडाभरानंतर पाऊस असेल का, हे सांगताना आज पाऊस होता की नव्हता या माहितीचा काहीही उपयोग उरत नाही.

किती वेगाने ही आठवण पुसली जाते, तेही मॅट्रिक्समध्येच लिहिलेलं असतं. पहिल्या दिवशी दोन रांगांमधलं अंतर ०.६६२ वजा ०.२५०, म्हणजे ०.४१२. दुसऱ्या दिवशी ते ०.१७०, तिसऱ्या दिवशी ०.०७०. रोज ते आदल्या दिवसाच्या ०.४१२ पट होतं. हा आकडा १ च्या जितका जवळ, तितकं हवामान हट्टी. ० च्या जवळ असेल तर आजचा दिवस उद्याबद्दल फारसं काही सांगतच नाही.

ज्या ठिकाणी दोन्ही रांगा येऊन थांबतात, ते ०.५७५ कोरडे आणि ०.४२५ ओले असं वाटप म्हणजे साखळीचं दीर्घकालीन वाटप. पाठ्यपुस्तकांत त्याला ‘स्थिर वाटप’ही म्हणतात. ते काढायला दरवेळी गुणाकारांची माळ ओवावी लागत नाही. थोडा विचार केला तर ते एका ओळीत हाती येतं, आणि तो विचार मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटतो.

लांबलचक काळ डोळ्यांसमोर आणा. कोरड्यातून ओल्यात जाण्याचे प्रसंग आणि ओल्यातून कोरड्यात परतण्याचे प्रसंग, यांची संख्या सारखीच असायला हवी, कारण एकदा पाऊस सुरू झाला की तो थांबल्याशिवाय पुन्हा सुरू होऊ शकत नाही. फार तर एका प्रसंगाचा फरक पडेल. तेल अवीवच्या नोंदीत वर पाहा: पाऊस सुरू झाल्याचे प्रसंग ३५०, थांबल्याचे ३५१. दर हिवाळ्याची मोजणी वेगळी सुरू होत असल्यामुळे सत्तावीस हिवाळ्यांत याहून जास्त फरक पडू शकला असता. पडला तो फक्त एकाचा.

आता कोरड्या दिवसांचं प्रमाण ‘क’ आणि ओल्यांचं ‘ओ’ धरू. कोरड्यातून ओल्यात जाणारे दिवस क × ०.२५०. ओल्यातून कोरड्यात येणारे ओ × ०.३३८. दोन्ही समान. शिवाय क आणि ओ मिळून १. म्हणून ०.२५० × क = ०.३३८ × (१ − क). यातून क = ०.३३८ ÷ ०.५८८ = ०.५७५, आणि ओ = ०.४२५. नव्वद दिवसांच्या हिवाळ्यात सरासरी अडतीस दिवस पावसाचे. प्रत्यक्ष नोंदींशी पडताळून पाहायचं तर १,०३८ ला २,४३७ ने भागा: ०.४२६.

अवस्था तीन असतील, समजा स्वच्छ, ढगाळ आणि पावसाळी, तर येण्याजाण्याचा असा दोनच वाटांचा हिशेब पुरत नाही. मग प्रत्येक अवस्थेसाठी ‘उद्या इथे असणारे = आज जिथून जिथून इथे येतात त्यांची बेरीज’ असं समीकरण मांडावं लागतं, आणि सगळी एकत्र सोडवावी लागतात. तत्त्व तेच.

ही समीकरणं मांडतानाच ती मघाशी म्हटलेली चूक होते. घाईत लिहिणारा विद्यार्थी स्तंभाऐवजी ओळ उचलतो. ‘कोरड्याचं प्रमाण’ लिहिताना त्याने कोरड्यात येणारे सगळे गोळा करायला हवेत, म्हणजे पहिला स्तंभ घ्यायला हवा: क = ०.७५० × क + ०.३३८ × ओ. तो पहिली ओळ घेतो: क = ०.७५० × क + ०.२५० × ओ. हे सोडवलं की क आणि ओ समान येतात, म्हणजे पन्नास-पन्नास टक्के. आकडे कोणतेही असोत, या चुकीच्या समीकरणातून नेहमी समसमान वाटणीच बाहेर पडते, कारण प्रत्येक ओळीची बेरीज १ असते. त्यामुळे उत्तर गुळगुळीत अर्धं-अर्धं, किंवा तीन अवस्थांत एक-तृतीयांश आलं की लगेच संशय घ्यावा. पडताळणी सोपी आहे. उत्तर घेऊन त्याला एक दिवस पुढे न्या. निम्मे कोरडे, निम्मे ओले धरले तर उद्या कोरडे किती? ०.५ × ०.७५० + ०.५ × ०.३३८ = ०.५४४. अर्धे राहिले नाहीत, म्हणजे हे स्थिर वाटप नव्हे. ०.५७५ आणि ०.४२५ घेऊन हेच करा, ०.५७५ परत येतं.

दीर्घकालीन वाटप म्हणजे काय नव्हे, याबद्दलही थोडं स्पष्ट बोलायला हवं. ‘साखळी स्थिरावते’ असं म्हटलं की हवामानच शांत होऊन एका जागी बसतं असा समज होतो. तसं काही होत नाही. शंभराव्या दिवशीही हवामान पहिल्या दिवसाइतकंच उड्या मारत असतं. स्थिरावते ती आपली त्याबद्दलची शक्यता, आणि लांब काळात मोजलेलं प्रमाण.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची, आणि माझ्या मते नेमकी तीच शिकवताना मागे पडते. ०.४२५ हा आकडा मिळाला की विषय संपला असं वाटतं. पण या आकड्याने मॅट्रिक्समधली अर्धी माहिती टाकून दिलेली असते. समजा, दुसऱ्या एखाद्या शहरात प्रत्येक दिवस आधीच्या दिवसाशी काहीही संबंध न ठेवता, नाणेफेकीसारखा, ०.४२५ शक्यतेने ओला होतो. त्याचंही दीर्घकालीन वाटप अगदी हेच. वर्षअखेरीस मोजले तर पावसाचे दिवसही सरासरीने तितकेच. तरी त्या दोन शहरांत राहण्याचा अनुभव एकसारखा नसेल.

फरक कुठे पडतो? पावसाच्या खंडात. तेल अवीवमध्ये कोरड्या दिवसानंतर पुन्हा कोरडा दिवस येण्याची शक्यता ०.७५०. म्हणून एकदा उघडल्यावर कोरडे दिवस सरासरी १ ÷ ०.२५०, म्हणजे चार दिवस टिकतात, आणि पावसाची झड १ ÷ ०.३३८, म्हणजे जवळपास तीन दिवस. दोन्ही मिळून सात दिवसांचं एक आवर्तन होतं. नाणेफेकीच्या शहरात कोरडे दिवस सरासरी जेमतेम २.३५ दिवस टिकतात. आणि आज कोरडा दिवस असताना पुढचे सलग सात दिवस कोरडे जाण्याची शक्यता? नाणेफेकीच्या शहरात ०.५७५ चा सातवा घात, म्हणजे शंभरात दोन. तेल अवीवमध्ये ०.७५० चा सातवा घात, म्हणजे शंभरात तेरा. पावसाचे एकूण दिवस तेवढेच, पण आठवडाभराची ओढ बसण्याची शक्यता सहापटीहून जास्त.

पेरणी करून आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्याला या दोन आकड्यांतलं अंतर समजावून सांगावं लागत नाही. जुलैमध्ये पावसाचे दिवस सरासरीइतके भरले, पण ते सगळे पहिल्या पंधरवड्यात आणि मग मोठा खंड पडला, तर दुबार पेरणी चुकत नाही. म्हणूनच भारतातले कृषिहवामान अभ्यासक पावसाच्या साखळ्यांचा हिशेब करताना नुसत्या प्रमाणावर थांबत नाहीत. ओल्या आठवड्यामागे ओला आठवडा येण्याची आणि कोरड्यामागे कोरडा येण्याची शक्यता वेगळी काढतात.

हाच गुच्छ करून येण्याचा स्वभाव हिवाळ्या-हिवाळ्यांतल्या फरकातही दिसतो. नाणेफेकीच्या शहरात नव्वद दिवसांतले ओले दिवस अडतीसच्या आसपास, दोन-तृतीयांश वर्षांत साधारण ३४ ते ४३ या पट्ट्यात राहतील. साखळीच्या हिशेबाने तेल अवीवमध्ये हा पट्टा ३१ ते ४६ इतका रुंद होतो. एखाद्या वर्षी ओले दिवस ३१ च भरले तर लगेच ‘हवामान बिघडलं’ म्हणायचं कारण नाही. दिवस एकमेकांना धरून येतात म्हणूनही हे घडतं.

या कल्पनेच्या मुळाशीही नेमका हाच प्रश्न होता. घटना एकमेकींवर अवलंबून असल्या तर दीर्घकालीन सरासरी स्थिर राहते का? पाव्हेल नेक्रासोव्ह या रशियन गणितज्ञाचं म्हणणं होतं की त्यासाठी घटना स्वतंत्र असणं आवश्यकच आहे. आंद्रेई मार्कोव्ह यांना ते अजिबात मान्य नव्हतं. १९०६ साली त्यांनी साखळीने जोडलेल्या घटनांचं गणित मांडून नेक्रासोव्ह यांचं म्हणणं खोडून काढलं. पुढे १९१३ साली त्यांनी पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’ या पद्यकादंबरीतली पहिली वीस हजार अक्षरं घेऊन, स्वर की व्यंजन एवढंच पाहत, हाताने मोजणी केली. स्वरामागे स्वर येण्याची शक्यता ०.१२८ निघाली आणि व्यंजनामागे स्वर येण्याची ०.६६३. वर पावसासाठी केला तोच येण्याजाण्याचा हिशेब इथे करा: ०.६६३ ÷ (०.६६३ + ०.८७२), म्हणजे ०.४३२. प्रत्यक्ष मजकुरात वीस हजारांत ८,६३८ स्वर होते. पाऊस आज पडला की उद्याही पडू पाहतो. भाषेत स्वर आला की पुढे व्यंजन येऊ पाहतं. स्वभाव उलटे असले तरी दोन्हीकडे दीर्घकालीन प्रमाण ठामपणे ठरतं.

ते नेहमीच ठरतं असं मात्र नाही. एखादी साखळी रोज न चुकता बाजू बदलत असेल, आज कोरडा तर उद्या ओलाच, तर शक्यता कधीच एका आकड्यापाशी थांबत नाही. सुरुवात कुठून झाली हे शेवटपर्यंत ठाऊक राहतं. दुसरं टोक म्हणजे एखाद्या अवस्थेत शिरल्यावर बाहेर पडण्याची वाटच नसणं. अशा अवस्था एकाहून जास्त असतील तर शेवट कशात होणार हे आरंभावर आणि नशिबावर अवलंबून राहतं. दोन अवस्थांच्या हवामानात चारही आकडे शून्यापेक्षा मोठे असले की या दोन्ही अडचणी टळतात.

खरी अडचण गणितात नसते, गृहीतकांत असते. पहिलं गृहीतक, मॅट्रिक्स काळानुसार बदलत नाही. गॅब्रिएल आणि न्यूमन यांनी डिसेंबर ते फेब्रुवारी एवढेच महिने घेतले ते यासाठीच. मे महिन्यातल्या तेल अवीवला हे आकडे लावले तर शंभरात बेचाळीस दिवस पावसाचे असं भलतंच उत्तर निघेल. आपल्याकडेही जुलै-ऑगस्टचा मॅट्रिक्स ऑक्टोबरला लावता येत नाही, आणि जूनमध्ये तर पहिला आणि शेवटचा आठवडा यांचाच एकमेकांशी मेळ नसतो. अख्ख्या वर्षाच्या नोंदी एकत्र करून मॅट्रिक्स काढला तर तो कुठल्याच महिन्याचा नसतो. त्यात पाऊस खऱ्यापेक्षा जास्त चिवट दिसतो, कारण कोरड्या ऋतूचे लागोपाठ कोरडे दिवस आणि ओल्या ऋतूचे लागोपाठ ओले दिवस एकाच पिशवीत पडलेले असतात.

दुसरं गृहीतक, फक्त आजचा दिवस पुरतो. हे तपासता येतं. आज कोरडा असलेले सगळे दिवस घ्या आणि त्यांचे दोन गट करा: काल कोरडा होता ते आणि काल ओला होता ते. दोन्ही गटांत उद्याच्या पावसाची शक्यता जवळपास सारखी आली तर एका दिवसाची आठवण पुरेशी आहे. फरक मोठा आला तर दोन-दोन दिवसांच्या जोड्यांनाच अवस्था मानावं लागतं: कोरडा-कोरडा, कोरडा-ओला, ओला-कोरडा, ओला-ओला. दुसरी कसोटी खंडांची. साखळी बरोबर असेल तर एक दिवसाचे, दोन दिवसांचे, तीन दिवसांचे कोरडे खंड दर पायरीला पाऊणपट होत कमी व्हायला हवेत. तेल अवीवच्या नोंदींत कोरड्या आणि ओल्या खंडांच्या लांबीचा हिशेब या साध्या साखळीशी चांगला जुळला, आणि म्हणूनच हे उदाहरण नंतर पाठ्यपुस्तकांत गेलं. सगळ्या ठिकाणी तो असाच जुळेल अशी हमी नाही. मोसमी पावसात कमी दाबाचे पट्टे आणि मोसमी खंड अनेक दिवस टिकतात, तिथे एका दिवसाची आठवण अपुरी पडू शकते.

तुमच्या तालुक्याच्या पर्जन्यमापकाच्या रोजच्या नोंदी मिळाल्या तर हे सगळं तुम्हाला स्वतः करून पाहता येईल. फक्त जुलै आणि ऑगस्ट घ्या. भारतीय हवामानशास्त्र विभाग २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पावसाच्या दिवसाला पावसाचा दिवस मानतो, तीच मर्यादा धरा. ही मर्यादा बदलली की सगळे आकडे बदलतात, म्हणून ती आधीच लिहून ठेवा. दहा वर्षांच्या नोंदींत ६२० दिवस हाताशी येतात, आणि तेवढ्यावर काढलेल्या शक्यतेत दोन-तीन टक्क्यांची चूक धरून चालावं लागतं. वीस वर्षं मिळाली तर फारच उत्तम. वहीत चार रकाने पाडा: कोरड्यानंतर कोरडा, कोरड्यानंतर ओला, ओल्यानंतर कोरडा, ओल्यानंतर ओला. मोजून झाल्यावर दीर्घकालीन प्रमाण काढा, पण त्याआधी कोरड्यानंतर कोरडा या शक्यतेचा सातवा घात घेऊन पाहा. पेरणीचा निर्णय घेणाऱ्याच्या कामी येईल तो आकडा हाच.